बोटाचं पुढचं पेर

सोलापूरच्या फर्स्ट क्लास मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात १९२७ सालच्या मार्चअखेरीस एक खटला उभा राहिला. सरकारतर्फे तो पोलीस प्रॉसिक्यूटर कमलाकरपंत आगाशे चालवत होते. कमलाकरपंतांच्या नोकरीला सोळा वर्षं झाली होती. मारामारीचे खटले त्यांनी इतके चालवले होते की जखमेचं नुसतं वर्णन ऐकून ते कलम सांगत. त्या सकाळी मात्र कोर्टाच्या व्हरांड्यात ते दफ्तर उघडून उभे होते आणि त्यांना चैन नव्हती.

हकिकत साधी होती. साखर पेठेमागच्या एका गल्लीत विणकरांची घरं. ताण्याला, म्हणजे मागाच्या उभ्या धाग्यांना, खळ लावायची तर तो लांबच लांब ताणावा लागतो, आणि एवढी जागा घरात कुणाची? म्हणून सकाळच्या वेळी विणकर गल्लीतच ताणा पसरतात आणि उन्हं वर यायच्या आत काम उरकतात. तेवढा वेळ गाडीवाले वळसा घालून जातात. वर्षानुवर्षांचा रिवाज होता. गल्लीच्या टोकाला मानसिंग परदेशी याची जळाऊ लाकडाची वखार होती. बारा जानेवारीला त्याची भरलेली गाडी आली. पुढं चनबसप्पा विणकराचा ताणा पसरलेला होता आणि त्याची सून महानंदा तुटलेले धागे सांधत त्याच्या कडेनं चालली होती. मानसिंगनं ताणा काढायला सांगितलं. खळ ओली आहे, घटकाभर थांबा, असं ती म्हणाली. त्यानं गाडीतून कोयता काढला. तिनं धाग्यांची जुडी उजव्या मुठीत धरली. "हात काढ, न्हायतर बोटं जातील!" असं ओरडून त्यानं कोयता चालवला. हे ओरडणं शेजारच्या भीमा सुतारानं ऐकलं होतं आणि तशी साक्षही दिली होती.

ताणा तुटला. महानंदाच्या तर्जनीला आतल्या बाजूनं कापलं.

पोलिसांनी खटला कलम ३२६ खाली पाठवला होता, म्हणजे धारदार हत्यारानं जबर दुखापत. आरोपीचे वकील तात्यासाहेब बावीकर यांचं म्हणणं असं की ही जबर दुखापत नव्हेच, साधी दुखापत. फार तर कलम ३२४. एवढ्या दोन आकड्यांवर सगळं येऊन ठेपलं होतं. का, ते महानंदानं त्याच सकाळी व्हरांड्यात सांगितलं.

"साहेब, एक इचारू?" ती सासऱ्याकडं चोरून बघत म्हणाली. चनबसप्पा दूर खांबाला टेकून बसला होता. त्याच्याभोवती गल्लीतली चार मोठी माणसं होती.

"विचार की."

"तडजोडीचा कागुद केलाय. माजा आंगठा घेतलाय त्याच्यावर."

कमलाकरपंतांनी दफ्तर मिटलं. "कधी?"

"परवा. पंच घरी आले. म्हनले, एका गल्लीत ऱ्हायचं हाय, मिटवून टाका. मामंजी काय बोलले न्हाईत, नुसतं माज्याकडं बगिटलं. मग मी आंगठा दिला."

"तुला मिटवायचं आहे का?"

"न्हाय." हे तिनं लगेच म्हटलं. "त्यो परत कोयता घिऊन येनार की. आज माजं बोट, उद्या कुनाचं तरी मनगट. त्याला वाटतंय, आमी धागं हाओत, कापलं की झालं."

"मग मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं की सांग, राजी नाही म्हणून."

"साहेब," ती समजूत घातल्यासारखी म्हणाली, "कोर्टात म्हनीन मी. पर संद्याकाळी घरी जायाचं हाय न्हवं? पंचांना न्हाय म्हनायची माजी ऐपत न्हाय, मामंजींची बी न्हाय. कायद्यालाच न्हाय म्हनता येत आसंल तर बगा."

आणि कायद्याला ते म्हणता येत होतं. कलम ३२४ असेल तर कोर्टाच्या परवानगीनं तडजोड करता येते. कलम ३२६ ला ती करताच येत नाही. जखमी माणूस राजी असला तरी नाही. महानंदाला कलमांचे आकडे ठाऊक नव्हते, पण कुठल्या दाराला कडी आहे ते तिनं बरोबर ओळखलं होतं.

कमलाकरपंतांची बेचैनी इथंच होती. पीनल कोडाच्या तीनशेविसाव्या कलमात जबर दुखापतीचे आठ प्रकार दिले आहेत. आठांपैकी एकात तरी जखम बसली पाहिजे, एरवी ती कितीही रक्ताळलेली दिसो, कायद्यानं साधीच. पुरुषत्व जाणं, डोळ्याची दृष्टी कायमची जाणं, कानाचं ऐकणं कायमचं जाणं, यांचा इथं प्रश्न नव्हता. बोट तुटून पडलं नव्हतं. चेहरा विद्रूप झाला नव्हता. हाड मोडलं नव्हतं की दात पडला नव्हता. अवयवाची किंवा सांध्याची शक्ती कायमची कमी होणं हाही एक प्रकार आहे. पण सरकारी दवाखान्याच्या डॉक्टर मुकुंद खरे यांच्या दाखल्यात लिहिलं होतं: 'उजव्या तर्जनीच्या आतील बाजूस, पुढील सांध्याच्या किंचित मागे, आडवी कापलेली जखम, लांबी अर्धा इंच, खोली कातडीपुरती. जखम भरून आली.' भरून आली, संपलं.

उरला आठवा प्रकार. जिवाला धोका, किंवा वीस दिवसांपर्यंत तीव्र वेदना, किंवा वीस दिवस नेहमीचे कामधंदे करता न येणं. जखमेत पू झाला होता आणि दवाखान्याच्या रजिस्टरात तेवीस दिवस पट्टी बांधल्याची नोंद होती. पोलिसांनी त्या तेवीस दिवसांवर ३२६ उभं केलं होतं. कमलाकरपंतांना ठाऊक होतं की रोज पट्टी बांधून घेणं म्हणजे काम बंद असणं नव्हे. म्हणून त्यांनी महानंदाला मुद्दामच काही विचारलं नव्हतं. नको ते उत्तर आलं तर काय घ्या? "विचारतील तेवढंच सांग," एवढंच ते म्हणाले.

डॉक्टर खऱ्यांची साक्ष आधी झाली. चाळिशीचे, सडपातळ, शब्द मोजून वापरणारे गृहस्थ. दाखला वाचून दाखवला, रजिस्टर दाखवलं. तात्यासाहेबांनी एकच प्रश्न विचारला, "रजिस्टरावरून ही बाई काम करत नव्हती असं सांगता येईल का?" डॉक्टर म्हणाले, "नाही." आणि ते खाली उतरून भिंतीजवळच्या खुर्चीत बसले. कमलाकरपंतांच्या पायाखालची अर्धी फळी तिथंच गेली.

मग महानंदा उभी राहिली. पिंजऱ्याच्या कठड्यावर तिनं दोन्ही हात ठेवले. सरतपासणी नीट झाली. उलटतपासणीला तात्यासाहेब उठले ते हसतमुख. त्यांचा आवाज गोड होता आणि सगळ्या कोर्टाला माहीत होतं की तो गोड झाला की साक्षीदाराची धडगत नसते.

"बाई, तुमच्या घरी कमावणारं कोण कोण?"

"मालक, मामंजी, मी."

"तुम्ही काय करता?"

"ताण्याचं धागं सांदते. रहाटावर कांड्या भरते."

"तुमच्या हातचा धागा सांधलेला कळतसुद्धा नाही म्हणे. गल्लीत नाव आहे तुमचं."

"आसंल." ती थोडी लाजली.

"मग इतकी कामसू बाई तेवीस दिवस हातावर हात ठेवून बसली होती, असं समजायचं का आम्ही?"

महानंदानं कमलाकरपंतांकडं पाहिलं. कमलाकरपंतांनी समोरच्या कागदात डोकं घातलं. पुढं अनेक वर्षं त्यांना तो क्षण आठवला की कानशिलं तापत. कारण त्या घटकेला त्यांची मनोमन इच्छा होती की तिनं खोटं बोलावं. एक 'व्हय' म्हटलं की खटला तरत होता. आणि हे तिलाही कळत होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं.

"न्हाय," महानंदा म्हणाली. "धाव्या दिवशी मी कामाला बसले."

मागच्या बाकावर पंचांत कुजबुज झाली. कोणी तरी सुटकेचा श्वास टाकला.

"दहाव्या!" तात्यासाहेब मॅजिस्ट्रेटांकडं वळले. "साहेबांनी कृपा करून नोंद घ्यावी. आणि वेदना? तीव्र वेदना होत्या?"

"ठणकत हुतं. पर आट दिसांनी कमी झालं. झोप लागायची."

"वा. खरं बोलणारी बाई आहे."

"शपथ घेतलीया न्हवं," ती म्हणाली.

मॅजिस्ट्रेट लिहीत होते. आठवा प्रकार त्या बाईनं स्वतःच्या तोंडानं पुसून टाकला होता. कमलाकरपंतांनी शाईची दौत झाकली. तात्यासाहेबांनी इथंच बसायला हवं होतं. चाळीस वर्षं वकिली केलेला माणूस, त्यांना हे कळायला हवं होतं. पण मागं पंच बसले होते, पक्षकार बसला होता, आणि खिशात अंगठा घेतलेला तडजोडीचा अर्ज होता. त्यांना शेवट झोकात करायचा होता.

"म्हणजे दहाव्या दिवसापासून याच हातानं धागे सांधताय?"

"व्हय, ह्याच हातानं."

"पूर्वीसारखेच?"

"सांदला की धागा तसाच ऱ्हातो."

"दाखवाच मग साहेबांना." त्यांनी कारकुनाकडून फायली बांधायचा दोरा मागून घेतला, तो दाताखाली तोडला आणि दोन तुकडे तिच्या हातात दिले.

महानंदानं दोन्ही टोकं जुळवली. अंगठा आणि मधल्या बोटात धरून पीळ दिला, मुडपली, पुन्हा पीळ दिला. एक श्वास घ्यायला लागतो तेवढ्यात दोरा एक झाला. मागं कोणी तरी "वा रे वा" म्हणालं. तात्यासाहेबांनी दोरा ओढून दाखवला आणि ते बसायला वळले.

"थांबा," मॅजिस्ट्रेट म्हणाले. ते कमी बोलत. त्या दिवशी पहिल्यांदाच ते साक्षीदाराशी बोलले. "बाई, पुन्हा करून दाखवा. सावकाश."

तिनं पुन्हा केलं. या वेळी सगळ्यांनी पाहिलं. अंगठा आणि मधलं बोट धाग्यावर होतं, आणि तर्जनीचं टोक त्या सगळ्या गडबडीत ताठ, बाजूला, काडीसारखं उभं होतं.

"हे बोट असं ताठ का धरता?"

"धरत न्हाय साहेब. त्याचं फुडचं प्यार वाकतच न्हाय."

"केव्हापासून?"

"कापलं तवापासनं. पयलं ह्या बोटानंच सांदायची मी. आता मदल्या बोटाला शिकिवलंय. पयल्यानं दिसाला जेवडं व्हायचं त्याच्या निम्मं हुतंय."

"मग हे आधी कुणाला सांगितलं नाहीत?"

महानंदा गोंधळली. प्रश्नच तिला विचित्र वाटला असावा. "कुनी इचारलंच न्हाय साहेब. पोलीस आले, त्यांनी इचारलं किती दीस पट्टी. ह्या साहेबांनी बी दीसच बगिटले. समदे दीस मोजत हुते. मला वाटलं, कायद्याला दीसच लागत्यात."

कमलाकरपंत उठले. सोळा वर्षांत एवढ्या घाईनं ते उठले नव्हते. डॉक्टरांना पुन्हा साक्षीला बोलवावं अशी त्यांनी विनंती केली. तात्यासाहेबांनी हरकत घेतली. न्यायासाठी आवश्यक वाटलं तर कोणत्याही साक्षीदाराला कोर्ट पुन्हा बोलवू शकतं, असं म्हणून मॅजिस्ट्रेटांनी हरकत बाजूला ठेवली. डॉक्टर खरे खुर्चीतून आधीच उठले होते. दोरा पहिल्यांदा सांधला गेला तेव्हापासूनच ते त्या बोटाकडं बघत होते.

त्यांनी तिचा उजवा हात टेबलावर घेतला. तर्जनीचा मधला भाग दोन बोटांत घट्ट धरला आणि म्हणाले, "आता फक्त टोक वाकवा." टोक जागचं हललं नाही. मधल्या बोटाचं तसंच धरलं. त्याचं टोक टुणकन वाकलं. डाव्या हाताच्या तर्जनीचंही वाकलं.

"सोंग आहे हे," तात्यासाहेब बसल्या जागेवरून म्हणाले. "न वाकवणं कुणालाही जमतं. मी पण वाकवणार नाही म्हटलं तर?"

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. "म्हणून दुसरी रीत आहे. बाई, हात ढिला सोडा. काही करू नका, माझ्याकडं बघू पण नका." त्यांनी तिचं मनगट हळूच मागं वाकवलं. त्यासरशी तिची बोटं आपोआप आत वळली, झोपलेल्या माणसाची वळावीत तशी. एका तर्जनीचं टोक तेवढं सरळ राहिलं. "मनगट मागं गेलं की बोटं वाकवणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या ताणल्या जातात आणि बोटं वळतात. माणसाच्या इच्छेचा इथं संबंध नाही. हिच्या तर्जनीच्या टोकाला जाणारी दोरी तुटलेली आहे. वकीलसाहेब, आपण आपल्या हातावर करून पाहावं."

तात्यासाहेबांनी खरोखरच टेबलाखाली स्वतःचं मनगट वाकवून पाहिलं, हे कमलाकरपंतांना दिसलं.

"डॉक्टर," मॅजिस्ट्रेट म्हणाले, "तुमच्या दाखल्यात जखम कातडीपुरती आहे असं लिहिलंय."

"माझा दाखला चुकीचा आहे."

हे ते इतक्या सरळ आवाजात म्हणाले की कारकून लिहायचा थांबला. सरकारी डॉक्टरच्या तोंडून हे वाक्य त्या कोर्टात त्यानं ऐकलं नव्हतं. डॉक्टरांनी पुढं आपणहून सांगितलं, "बाईनं धागे मुठीत धरले होते. म्हणजे कापताना बोट वाकलेलं होतं. मी तपासलं तेव्हा बोट सरळ केलं. बोट सरळ झालं की आतली दोरी सरकते. दोरीचं तुटलेलं टोक कातडीखाली पुढं निघून गेलं आणि जखमेच्या तोंडाशी मला तुटलेलं काही दिसलं नाही. खोल नाही असं समजून मी टाका घातला आणि बोट पट्टीवर सरळ बांधलं. बोट वाकवून दाखवा, असं सांगायला हवं होतं. ते मी त्या दिवशी सांगितलं नाही आणि पट्टी सोडली त्या दिवशीही नाही. जखम कशी झाली हे विचारलं असतं तरी कळलं असतं. मी विचारलं नाही."

"हे पुढं बरं होईल?"

"अकरा आठवडे होऊन गेलेत. आपोआप आता जोडलं जाणार नाही. मुंबईला कोणी शस्त्रक्रिया करून पाहील, पण बोटातली दोरी शिवली तरी ती भोवती चिकटून बसते, असा अनुभव आहे. या सांध्याची वाकण्याची शक्ती कायमची गेली, असं माझं मत आहे."

"म्हणजे ही जबर दुखापत?" कमलाकरपंतांनी विचारलं.

"ते ठरवणं कोर्टाचं काम," डॉक्टर म्हणाले. "मी सांधा कसा आहे एवढंच सांगतो."

तात्यासाहेब शेवटचे उठले. आता आवाजात गोडवा नव्हता. "असं धरून चालू. तरी माझ्या पक्षकारानं धाग्यांवर कोयता चालवला. बोट कायमचं लुळं पडेल, अशी त्याला कल्पना कुठून असणार?" मुद्दा वजनदार होता. नुसती जबर दुखापत झाली, एवढं पुरत नाही. आरोपीला ती करायची होती किंवा ती होण्याचा संभव आहे हे त्याला ठाऊक होतं, असंही दिसावं लागतं.

मॅजिस्ट्रेटांनी पानं मागं उलटली आणि भीमा सुताराची साक्ष वाचून दाखवली. हात काढ, न्हायतर बोटं जातील. "काय होईल हे त्यानं स्वतःच मोठ्यानं सांगितलंय, वकीलसाहेब. बोट जाण्याऐवजी सांधा गेला. जबर दुखापतीचा एक प्रकार मनात असून दुसरा घडला, तरी कायदा तेच धरतो."

तात्यासाहेबांनी खिशातून अंगठ्याचा अर्ज काढला आणि पुढं ठेवला. मॅजिस्ट्रेटांनी तो वाचला, महानंदाकडं एकवार पाहिलं. पण तिला काही विचारलं नाही. "आरोप तीनशेसव्वीसचा आहे आणि समोर आलेला पुरावाही तोच आहे. यात तडजोड घ्यायचा मला अधिकार नाही." अर्ज परत गेला.

निकाल तिसऱ्या दिवशी लागला. वीस दिवसांचा मुद्दा फिर्यादी बाईच्या साक्षीनंच पडतो, असं मॅजिस्ट्रेटांनी लिहिलं, आणि लगेच पुढं, जी साक्षीदार स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्ट एवढ्या सरळपणे सांगते तिच्या बाकीच्या शब्दावर शंका घ्यायला कोर्टाला कारण दिसत नाही. डॉक्टरांबद्दल त्यांनी एकच ओळ लिहिली, की त्यांनी चूक कबूल केल्यामुळं त्यांच्या मताचं वजन वाढलं आहे. मानसिंगला दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

निकालानंतर व्हरांड्यात डॉक्टर खरे महानंदासमोर येऊन उभे राहिले. "माझ्याकडून चुकलं," एवढंच म्हणाले.

"तुमी पट्टी लई चांगली बांदायचा," महानंदा म्हणाली. "फुडच्या येळंला मानसाला म्हनावं, बोट जरा हलीव बगू."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मान हलवली, एखादा विद्यार्थी हलवतो तशी.

कमलाकरपंतांनाही तिला काही तरी म्हणायचं होतं. त्या दिवशी मी खाली मान घातली होती, असं म्हणायचं होतं. पण तेवढ्यात पंच चनबसप्पाभोवती गोळा झाले. त्यातला वयानं थोर, कल्लप्पा, कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "काय रे चनबसप्पा, शब्द दिल्ता न्हवं? मिटवून घेतो म्हनलास."

महानंदा जागेवर थबकली. चनबसप्पानं फेटा नीट केला. महिनाभरात त्याचा आवाज पहिल्यांदाच मोकळा निघाला.

"दिल्ता की. आंगठा बी दिल्ता. सायबानं कागुदच परत केला, तितं मी काय करू? कायद्यात बसत न्हाय म्हनले. जावा, तुमी सांगून बगा सायबाला."

कल्लप्पानं कोर्टाच्या दाराकडं पाहिलं. आत जायची कुणाची तयारी नव्हती. पंच एक एक करून पायऱ्या उतरले. चनबसप्पानं सुनेला हाक मारली, "चल गं. उन्हं चढली, ताणा वाळला आसंल," आणि दोघं गल्लीच्या दिशेनं निघाली.